रिकामं, आणि रिकामं

आमच्या इंदूरच्या काकूंनी मला फोन केला तेव्हा सकाळचे पावणेसात वाजले होते. एवढ्या सकाळी इंदूरहून फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. पण पलीकडून काकूंचाच आवाज ठणठणीत.

"काय रे, मला कै. केलंस का तू?"

मला काहीच कळेना. मग त्यांनी सांगितलं की रात्री मी व्हॉट्सॲपवर टाकलेल्या पीडीएफमध्ये सत्ताविसाव्या पानावर त्यांच्या नावामागे "कै." छापलंय. आणि एकट्या त्यांच्याच नाही, त्यांच्या दोन्ही मुलांच्या, सुनेच्या आणि पहिलीत जाणाऱ्या नातीच्याही. "अख्खं घरच उचललंस की रे," म्हणाल्या. हसत होत्या, पण मला घाम फुटला.

तर मंडळी, नातेवाइकांपैकी ज्यांना हा प्रकार माहीत आहे त्यांनी पुन्हा एकदा हसून घ्या :) ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आणि विशेषतः एक्सेलमध्ये याद्या करणाऱ्या ब्लॉगर मित्रांसाठी, हे सविस्तर लिहितोय. चूक माझीच होती. पण चूक ज्या जागी झाली ती जागा मला अजून डाचते आहे, आणि त्याबद्दल माझं एक ठाम मत झालंय.

आमचा जुना छापील कुलवृत्तांत फार वर्षांपूर्वीचा. त्याची नवी आवृत्ती काढायचं २०२३ साली ठरलं. जुन्या पुस्तकातल्या पिढ्या मी स्वतः टंकित केल्या. नव्या पिढ्यांसाठी एक छापील फॉर्म केला आणि तो घरोघर पाठवला: नाव, जन्मतारीख, शिक्षण, व्यवसाय, आणि शेवटी, नाइलाजाने, "मृत्यू दिनांक (असल्यास)". आलेले फॉर्म आत्याने Form नावाच्या शीटमध्ये भरले. सगळी मिळून ४१२ माणसं. मुख्य शीटमध्ये प्रत्येकाला एक क्रमांक, आणि ज्यांचा फॉर्म आला त्यांची माहिती VLOOKUP लावून त्या क्रमांकावरून खेचून घ्यायची, अशी सोय मी केली. ज्या घरांचे फॉर्म आले नव्हते त्यांच्या ओळी तशाच मोकळ्या ठेवल्या.

आता इथे पहिली मेख. VLOOKUP ने एखादा रिकामा सेल आणला की तो रिकामा येत नाही, शून्य येतं. आणि मृत्यू दिनांकाच्या कॉलमला तारखेचा साज चढवलेला असेल तर ते शून्य 00-01-1900 असं दिसतं. म्हणजे जितके हयात तितके सगळे एकाच दिवशी, १९०० च्या जानेवारीच्या शून्याव्या तारखेला गेलेले! हे बघून मी ही सगळेच जण करतात ती युक्ती केली:

```
=IF(VLOOKUP(A2,Form!$A:$F,6,0)="","",VLOOKUP(A2,Form!$A:$F,6,0))
```

म्हणजे तिकडे काही नसेल तर इकडेही काही दाखवू नकोस. दोन अवतरणचिन्हं, मध्ये काही नाही. शीट एकदम स्वच्छ दिसायला लागलं. मी खूश.

मग छपाईसाठी नावाचा कॉलम तयार करायचा होता. तारीख म्हणजे एक्सेलच्या लेखी एक आकडा असतो, १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा आकडा. म्हणून मी साधा विचार केला: मृत्यू दिनांकाचा सेल शून्याहून मोठा असेल तर नावामागे "कै." लावायचं.

```
=IF(G2>0,"कै. ","")&B2
```

पहिली काही पानं उघडून पाहिली. जुन्या पिढ्या, सगळे गेलेले, सगळ्यांमागे कै. बरोबर आहे म्हटलं, आणि रात्री अकरा वाजता पीडीएफ ग्रुपवर टाकून झोपलो. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

काकूंचा फोन ठेवल्यावर आधी वाटलं, VLOOKUP ने एक ओळ खालची-वरची आणली असणार. पण नाही. काकूंची ओळ ५७ वी, तिथला G57 अगदी कोरा. त्याच्या खालची ओळ बडोद्याच्या एका भाऊबंदांची, त्यांचा फॉर्म आलेला नव्हता, तिथला G58 सुद्धा कोरा. आणि काकूंमागे कै. लागलंय, त्यांच्यामागे नाही. दोन अगदी सारखे कोरे सेल, आणि एकाची उत्तरक्रिया झालेली.

चहा घेतला आणि बाजूला एकेक प्रश्न लिहून त्या दोघांना विचारायला लागलो. G57="" का? हो. G58="" का? तेही हो. दोघांची LEN? दोन्हीकडे शून्य. G57=G58 का? हो! इथवर जुळे भाऊ. मग ISBLANK लावलं. G58 म्हणाला TRUE, आणि G57 म्हणाला FALSE. G58=0 का, तर TRUE. G57=0 का, तर FALSE. आणि G57>0 का? TRUE.

हे शेवटचं उत्तर वाचून मी खुर्चीत मागे टेकलो. काहीच नसलेली गोष्ट शून्याहून मोठी?

गोष्ट अशी आहे. G58 मध्ये खरंच काही नाही. तिथे कुणी काही ठेवलेलंच नाही. असा सेल मोठा मिळतंजुळतं घेणारा असतो. त्याची आकड्याशी तुलना केलीत की तो शून्य होतो, मजकुराशी केलीत की रिकामा मजकूर होतो. ज्या पंगतीला बसवाल तिथलं जेवतो. G57 चं तसं नाही. तिथे सूत्र बसलेलं आहे आणि सूत्राने एक उत्तर दिलेलं आहे. ते उत्तर म्हणजे मजकूर, फक्त त्या मजकुराची लांबी शून्य अक्षरं. लिफाफा आहे, आत कागद नाही. आणि एक्सेलमध्ये आकडा आणि मजकूर यांची तुलना केली तर मजकूर नेहमी मोठा ठरतो, आकडा कितीही मोठा असो. सगळे आकडे आधी, मग सगळा मजकूर, मग TRUE-FALSE, असा तिथला मानपान ठरलेला आहे. "पुणे" जसं ९९,९९९ पेक्षा मोठं, तसाच रिकामा लिफाफाही शून्यापेक्षा मोठा. म्हणून G57>0 खरं. म्हणून काकू कै.

(शाळेतल्या मित्रांसाठी एक कंसातली सूचना: गुणपत्रकात सूत्राने आणलेल्या गुणांना IF(B2>=35,"पास","नापास") लावत असाल तर परीक्षेला न बसलेला पोरगा याच कारणाने पास होतो. COUNTIF ला मात्र ">=35" असं विचारलं तर ते फक्त आकडेच मोजतं, त्यामुळे पासांची संख्या बरोबर येते आणि नावांची यादी चुकते. ते दोन्ही जुळवत बसायचं म्हणजे डोक्याला ताप.)

यातला खरा विनोद मला थोड्या वेळाने दिसला. कै. नेमकं कुणाला लागलं? ज्यांचा फॉर्म आला आणि ज्यांनी शेवटचा रकाना सोडून दिला त्यांना. म्हणजे ज्यांनी वेळेवर, मनापासून फॉर्म भरून पाठवला ते सगळे स्वर्गवासी, आणि ज्यांनी चार वेळा आठवण करूनही काही पाठवलं नाही ते खुशाल हयात! माझ्या मनात फॉर्म न पाठवणाऱ्यांबद्दल जो राग होता त्याच्या बरोबर उलटा न्याय एक्सेलने केला होता.

दुरुस्ती सोपी होती. ">0" काढून तिथे <>"" लिहिलं. आता दोन्ही प्रकारचे कोरे सेल सुटले. "तारीख हा आकडा आहे ना, मग ISNUMBER का नाही लावलंस," असं एका भाच्याने विचारलं. त्याचं कारण आमचे पूर्वज. एक्सेलला १९०० च्या आधीची तारीखच कळत नाही, ती मजकूर म्हणून पडून राहते. आमच्या घरात १८९७ च्या प्लेगमध्ये गेलेली तीन माणसं आहेत. ISNUMBER लावलं असतं तर ती जिवंत झाली असती.

तपासात आणखी एक प्रकार सापडला, तो लगेच सांगून टाकतो. आत्याला सेलमधलं काही खोडायचं असलं की ती स्पेसबार दाबते. दिसायला कोरं, पण आत एक जागा बसलेली. अशी तीन घरं निघाली, LEN एक असलेली. ती Form शीटमध्ये जाऊन Delete ने साफ केली. पुढचे आकडे हे सगळं झाल्यावरचे आहेत.

नवी पीडीएफ पाठवली, ग्रुपवर हशा झाला, प्रकरण मिटलं असं वाटलं. पण खरी चूक अजून पुढेच होती.

दादा, म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, कुलसंमेलनाचा खजिनदार. जेवणाची पानं आणि पुस्तकाच्या प्रती यांचा अंदाज त्याला हवा होता. त्याने माझी फाइल घेतली, मृत्यू दिनांकाच्या कॉलमखाली COUNTBLANK लावलं आणि दहा मिनिटांत जाहीर केलं: "हयात माणसं २७१." दादाने आयुष्यभर बँकेत आकडे जुळवलेत, त्यामुळे त्याने सांगितलेला आकडा घरात कुणी तपासत नाही. मीही तपासला नसता. पण आदल्या दिवशीच हात पोळले होते. म्हणून तेवढ्याच पट्ट्यावर आणखी दोन सूत्रं लावून पाहिली.

```
=ROWS(G2:G413)         412
=COUNTBLANK(G2:G413)   271
=COUNTA(G2:G413)       324
```

ROWS म्हणजे एकूण ओळी. COUNTBLANK म्हणजे कोरे. COUNTA म्हणजे कोरे नसलेले. कोरे आणि कोरे नसलेले यांची बेरीज एकूण व्हायला हवी की नको? पण २७१ आणि ३२४ मिळून ५९५ होतात. ४१२ माणसांच्या घराण्यात १८३ माणसं जास्त.

ही १८३ माणसं दोन्ही पंगतींत जेवली आहेत. COUNTBLANK त्यांना कोरं धरतं, कारण तिथे दिसण्यासारखं काही नाही. COUNTA त्यांना भरलेलं धरतं, कारण तिथे सूत्राचं उत्तर आहे. आणि हा काही एक्सेलमधला दोष नाही बरं का. "" देणारी सूत्रं COUNTBLANK मोजतं आणि शून्य असलेले सेल मोजत नाही, असं मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे. पण ते पान वाचतो कोण? नाव वाचून आपण गृहीत धरतो की COUNTBLANK म्हणजे अनेक ISBLANK ची बेरीज. तशी ती नाही. एका सेलला ISBLANK विचाराल तर तो "मी कोरा नाही" म्हणेल, आणि त्याच सेलला COUNTBLANK मुकाट्याने कोऱ्यांत मोजेल.

या न जुळणाऱ्या बेरजेचा एक फायदा मात्र आहे. बेरीज जितक्याने जास्त भरते तितके रिकामा मजकूर असलेले सेल. आमच्याकडे १८३. आणि एकूण ओळींतून COUNTA वजा केलं की जे उरतं ते खरोखर रिकामे: ४१२ वजा ३२४, म्हणजे ८८. ही वजाबाकी नको असेल तर COUNTIF ला थेट विचारता येतं, फक्त प्रश्न कसा विचारता ते जपून:

```
=COUNTIF(G2:G413,"=")   88
=COUNTIF(G2:G413,"")    271
```

अवतरणचिन्हांत फक्त बरोबरचं चिन्ह लिहिलं तर ते खरोखरच्या रिकाम्या सेलांनाच मोजतं. काहीच लिहिलं नाही तर दोन्ही प्रकार एकत्र. एका चिन्हाने १८३ माणसं इकडची तिकडे होतात!

मी हे दादाला दाखवलं. तो म्हणाला, "अरे, दिसायला कोरं ते कोरं. छापणाऱ्याला काय, तिथे तारीख घालायची नाही एवढंच कळायला हवं." हे त्याचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. पानावर किती जागा मोकळ्या राहतील एवढंच विचारायचं असेल तर २७१ हे अगदी बरोबर उत्तर आहे, आणि COUNTBLANK ची घडण त्याच प्रश्नासाठी आहे. पण दादाने तो प्रश्न विचारलाच नव्हता. त्याने विचारलं होतं, माणसं किती हयात आहेत. त्या प्रश्नासाठी १८३ आणि ८८ यांची बेरीज करायचा आपल्याला अधिकारच नव्हता. १८३ घरांत आपण विचारलं होतं आणि तारीख नाही असं उत्तर आलं होतं. ८८ जणांच्या बाबतीत आपल्याला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

म्हणून फोन करायचं ठरलं. ८८ नावं दोघांत वाटून घेतली. तीन आठवडे लागले, आणि ते फोन सोपे नव्हते. "काका कसे आहेत?" असं विचारायचं आणि पलीकडे शांतता व्हायची. १९ माणसं गेलेली निघाली. त्यांतली चार तर दोन-अडीच वर्षांत गेलेली, आणि आम्हाला पत्ताच नाही. नागपूरच्या एका वहिनींनी सांगितलं की फॉर्म आला त्याच आठवड्यात अण्णा गेले, मग तो रकाना भरायला हातच उचलला नाही, फॉर्म टेबलाच्या खणात तसाच पडून राहिला. COUNTBLANK च्या हिशेबात अण्णा हयात होते आणि त्यांचं पान धरलेलं होतं. ६४ जण सुखरूप सापडले. पाच जणांचा काहीच ठाव लागला नाही.

इथे मी स्वतःवर खूश व्हायला लागलो होतो, की बघा, खरोखरचं रिकामं आणि रिकामा मजकूर यांतला फरक आपण कसा ओळखला. तेवढ्यात जन्मतारखेप्रमाणे यादी लावली आणि पाहिलं तर १९०६ साली जन्मलेल्या एक आजी "फॉर्म आला, तारीख नाही" या १८३ मध्ये बसलेल्या. ११७ वर्षांच्या! त्यांच्या नातवाला फोन केला. तो म्हणाला, "आजी मी लहान असतानाच गेली हो, पण तारीख कुणालाच आठवेना, म्हणून रकाना सोडला." अशी सहा माणसं निघाली. म्हणजे रिकाम्या मजकुरातही दोन अर्थ लपले होते: "गेले नाहीत" आणि "गेले, पण केव्हा ते माहीत नाही". हा फरक एक्सेलचं कुठलंच सूत्र सांगू शकत नाही, कारण तो फॉर्मवरच लिहिलेला नव्हता. "असल्यास" हा शब्द मीच छापला होता.

तर शेवटी हिशेब असा झाला. १८३ मधले सहा वजा केले, १७७ उरले. त्यांत फोनवर सापडलेले ६४ मिळवले, हयात २४१. दादाच्या आकड्यापेक्षा तीस कमी.

आता माझं मत. कोऱ्या सेलाला अर्थ द्यायचाच नाही. खरोखरचा रिकामा सेल आणि रिकामा मजकूर यांतला फरक ओळखता यायलाच हवा, नाहीतर काकू कै. होतात. पण त्या फरकावर माहिती टांगून ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे, कारण तो फरक डोळ्यांना दिसत नाही आणि एका क्लिकमध्ये नाहीसा होतो. हे मी अनुभवाने सांगतोय. फोन चालू असतानाच दादाने ती फाइल त्याच्या पत्त्यांच्या यादीशी जोडायची म्हणून सीएसव्ही करून पुन्हा उघडली. सीएसव्हीमध्ये दोन स्वल्पविरामांच्या मध्ये काही नसतं, मग मूळ सेल खरोखर रिकामा असो की त्यात रिकामा मजकूर असो. परत आलेल्या फाइलमध्ये COUNTBLANK २७१, COUNTA १४१, बेरीज बरोबर ४१२. दादा म्हणाला, बघ, आता कसं जुळतंय! जुळत होतंच. फक्त कुणाचा फॉर्म आला आणि कुणाचा नाही, कुणाला फोन करायचा आणि कुणाला नाही, ते त्या जुळण्यात पुसलं गेलं होतं. नशीब, माझ्याकडे आधीची प्रत होती.

उलटाही त्रास आहे. छपाईवाल्याला देण्याआधी मी तो कॉलम कॉपी करून Paste Special मधून Values म्हणून चिकटवला, म्हणजे सूत्रं जाऊन नुसती उत्तरं राहावीत. राहिली. पण रिकामा मजकूर हेही एक उत्तरच, तेही राहिलं. आता सेलवर क्लिक केलं तर वरच्या पट्टीत सूत्र नाही, अक्षर नाही, काही नाही, आणि तरी ISBLANK म्हणतं FALSE. याला मी भूत म्हणतो. ते ओळखायची एक खूण आहे: F5 दाबून Special मध्ये Blanks निवडलं तर फक्त खरोखरचे रिकामे सेल निवडले जातात, भुतं सुटतात. फिल्टरमध्ये (Blanks) निवडलं तर मात्र दोन्ही दिसतात. आणि तोच उतारा आहे. फिल्टरने सगळे कोरे समोर आणायचे, निवडायचे आणि Delete दाबायचं, की भुतं उतरतात.

पण उतरवण्याआधी ती काय सांगत होती ते लिहून घ्या. मी शेजारच्या कॉलममध्ये हे लावलं:

```
=IF(ISBLANK(G2),"फॉर्म नाही",IF(LEN(G2)=0,"रकाना मोकळा","तारीख आहे"))
```

यात ISBLANK आधी हवं, कारण LEN दोघांनाही शून्यच सांगतं. हा कॉलम तयार झाला की लगेच तोही Values म्हणून चिकटवून पक्का करायचा, नाहीतर तुम्ही G साफ केलात की हा मुकाट्याने सगळ्यांना "फॉर्म नाही" म्हणायला लागेल. आणि हे सगळं मूळ सूत्रं असलेल्या प्रतीवर, सीएसव्ही होण्याआधी.

हे झाल्यावर आम्ही "स्थिती" नावाचा एक साधा कॉलम केला, हाताने भरायचा, त्यात चारच शब्द चालतील: हयात, दिवंगत, माहीत नाही, विचारलं नाही. चौथा शब्द दादाला आवडला नव्हता. "आपली अब्रू कशाला चव्हाट्यावर," म्हणाला. मी हट्टाने ठेवला, आणि यादी संपेपर्यंत दर रविवारी तो एकच शब्द मोजला: आधी ८८, मग ५१, मग २०, मग शून्य. हे मोजायला साधं COUNTIF पुरतं, आणि ते ज्याच्या हातात फाइल जाईल त्याच्याकडे तेवढंच येतं. सीएसव्ही केलं तरी, कॉपी केलं तरी, आत्याने स्पेसबार दाबला तरी (ती दुसऱ्या कॉलममध्ये दाबेल अशी आशा आहे).

मूळ सूत्रातली "" मात्र मी काढली नाहीत. पानावर 00-01-1900 दिसण्यापेक्षा मोकळी जागा बरी. फक्त आता त्या मोकळ्या जागेला कुणी काही विचारत नाही.

पुस्तक २०२४ च्या मे महिन्यात छापून आलं. काकू सत्ताविसाव्या पानावर आहेत, श्रीमती. संमेलनात त्यांनी पान उघडून सगळ्यांना बोट ठेवून दाखवलं.

"माहीत नाही" खाली अजून पाच नावं आहेत. त्यांतली दोन बडोद्याच्या शाखेतली, G58 धरून. नातेवाइकांपैकी कुणाला काही ठाऊक असेल तर मला किंवा दादाला फोन करा. तारीख आठवत नसली तरी चालेल, आठवत नाही एवढंच सांगा.